रेघेवरचे आणि रेघेबाहेरचे

माझ्यासमोर न्यूट्रिअंट अगरची एक प्लेट आहे. तिच्यावर रेघा ओढल्या आणि दोन दिवस ती 30 अंश सेल्सिअसला पालथी ठेवली. नमुन्यात दोन जीवाणूंची सरमिसळ होती: लाल रंगाचा सेराशिया मार्सेसेन्स आणि पिवळा मायक्रोकॉकस ल्युटिअस. इन्क्युबेटर 37 अंशांवर असता तर सेराशियाचा लाल रंग जवळजवळ उतरला असता आणि ही प्लेट निम्मी मुकी झाली असती. आता मात्र ती वाचता येते, एखादी चार कडव्यांची कविता वाचावी तशी.

पहिला चतुर्थांश दाट आहे. नमुन्याची लूप इथे एकमेकींना खेटून रेघा ओढत फिरली, म्हणून सगळीकडे गढूळ लाल थर आहे. पिवळा शोधूनही सापडत नाही. दुसऱ्यात थर विरळ होतो, रेघांच्या कडा मण्यांसारख्या तुटू लागतात. तिसऱ्यात लाल-पिवळे ठिपके अजून एकमेकांना खेटून आहेत. चौथ्यात नागमोडी रेघ मोकळ्या जागेत शिरते आणि तिच्या शेवटी वसाहती सुट्या होतात: सात लाल, चार पिवळ्या, प्रत्येकीभोवती मोकळा अगर.

ही विरळता आली ती दोन चतुर्थांशांमधल्या विरामांतून. प्रत्येक वेळी लूप ज्योतीत लालबुंद केली, म्हणजे तिच्यावर काहीच उरले नाही. मग प्लेट पाव फेरा फिरवली, लूप अगरच्या कोऱ्या कडेला टेकवून निववली आणि आधीच्या रेघांच्या टोकातून फक्त दोन-तीनदा ओढून पुढे नेली. नव्या जागेत गेले ते तेवढेच जीवाणू. मला या पद्धतीत सर्वांत देखणे वाटते ते हेच: इथे काही मोजले नाही, पातळ केले नाही, फक्त तीनदा हात रिता केला आणि कोट्यवधींच्या गर्दीतून एकेकट्याला जागा मिळाली.

हात चुकला तर तेही इथेच उमटते. विराम चुकला की तिसरा चतुर्थांश पहिल्याइतकाच दाट दिसतो. लूप न निवता टेकली तर अगर चरचरतो, तिथे खळगी पडते आणि पुढची रेघ ओसाड राहते, कारण जीवाणू भाजून मेलेले असतात. शेवटची नागमोडी रेघ वळताना पहिल्या चतुर्थांशाला शिवली तर सुट्या वसाहतींमध्ये एकाएकी दाट पट्टा उगवतो. प्लेट उलटी न ठेवल्यास झाकणावर जमलेले पाणी गळून सगळे एकमेकांत मिसळते.

या प्लेटवर एक खूण मात्र रेघेबाहेर आहे. तिसऱ्या आणि चौथ्या चतुर्थांशाच्या मध्ये, जिथे लूप गेलीच नाही, तिथे पांढरी, खरखरीत कडेची एक वसाहत आहे. ती हवेतून पडली. झाकण शिंपल्यासारखे एका बाजूने किंचित उचलायचे असते, तेही बर्नरजवळ, जिथे गरम हवा वर जात असते. नमुन्याच्या नळीचे बूच टेबलावर न ठेवता करंगळीत धरायचे, तोंड ज्योतीतून फिरवायचे. यातले काहीतरी क्षणभर ढळले असावे. रेघांचा आराखडा इथे साक्षीदार होतो: जे रेघेबाहेर, ते नमुन्यातले नाही. उलट विधान मात्र करता येत नाही, कारण धुळीचा कण नेमका रेघेवरही पडू शकतो.

हे वाचता येते, कारण पान टिकले. रॉबर्ट कॉख यांनी आधी जिलेटिन वापरले होते. फॅनी हेसे यांनी सुचवलेला अगर आला नसता तर सेराशियाने पानच विरघळवले असते, कारण जिलेटिन पचवणे हा त्याचा स्वभाव आहे.

चौथ्या चतुर्थांशातली एक पिवळी वसाहत भिंगाखाली धरली, तर तिच्या एका कडेला लालसर झाक दिसते. सुटी वसाहत म्हणजे एकाच पेशीची संतती, असे आपण मानतो; पण मायक्रोकॉकस चार-चारच्या पुंजक्यांत राहतो आणि त्या पुंजक्याला एखादी परकी पेशीही चिकटून येऊ शकते. म्हणून ही वसाहत टाळून शेजारची, स्वच्छ पिवळी निवडली. लूप पुन्हा लाल केली, निववली, वसाहतीच्या माथ्याला हलकेच टेकवली आणि नव्या प्लेटवर त्याच चार चतुर्थांशांत ओढली.

दोन दिवसांनी त्या प्लेटवर सगळे पिवळेच निघाले, आणि ग्राम रंजनात जांभळे, चार-चारचे गोल पुंजके दिसले; गुलाबी दांडा एकही नव्हता. पहिल्या प्लेटने वेगळे केले होते. शुद्ध म्हणण्याचा हक्क दुसऱ्या प्लेटने दिला.