'जेवणानंतर तासाभराने चहा': हा एक तास आला कुठून?

'चहा जेवणानंतर एक तासाने घ्या, म्हणजे लोह नीट शोषलं जाईल' हा सल्ला तुम्ही नक्की ऐकला असेल. चहातल्या टॅनिनचे गॅलॉइल गट लोहाला घट्ट धरून ठेवतात, ते आतड्याच्या पेशींपर्यंत पोचत नाही. हे नॉन-हीम, म्हणजे मुख्यतः वनस्पतीजन्य लोहाबद्दल आहे. (कॉफीत हे काम प्रामुख्याने क्लोरोजेनिक आम्ल करतं, टॅनिन नव्हे, पण बोलताना सगळ्यालाच टॅनिन म्हणतात.) इथवर वाद नाही. माझी शंका त्या 'एक तासा'वर आहे.

दोन पेपर शेजारी ठेवून वाचा. पहिला मॉर्क, लिंच आणि कुक यांचा, १९८३चा. किरणोत्सारी लोह वापरून केलेल्या या चाचण्यांत हॅम्बर्गरच्या जेवणासोबत कॉफी घेतल्यावर शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, चहाने ६४ टक्क्यांनी. कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतली तर काहीच घट नाही. पण तासभर नंतर घेतली तर? जेवणासोबत घेतल्याइतकीच घट!

दुसरा २०१७चा, ब्रिटनमधला. १२ निरोगी स्त्रिया, लोहाचं स्थिर समस्थानिक घातलेली लापशी, सोबत कधी पाणी, कधी चहा. पाण्यासोबत सरासरी ५.७ टक्के लोह शोषलं गेलं, चहासोबत ३.६, आणि चहा तासाभराने दिला तेव्हा पुन्हा ५.७. प्रचलित सल्ल्याला आधार म्हणून हाच पेपर पुढे केला जातो.

आता आकडे नीट बघा. पाण्यासोबतच्या ५.७ला प्रमाण विचलन ८.५ आहे, सरासरीपेक्षा मोठं! शोषण शून्याखाली जाऊ शकत नाही, म्हणजे एक-दोघींचं शोषण खूप जास्त असणार आणि सरासरी त्यांनीच वर खेचलेली असणार. प्रत्येक बाईची तुलना तिच्याशीच आहे ही जमेची बाजू, पण १२ जणींत एखादीने चित्र बदलू शकतं. अशा वेळी सरासरीवर थांबू नका, प्रत्येकीचे तीन आकडे एका रेषेत ठेवून पाहा.

मग दोन्ही पेपरांत विरोध का? पेय वेगळं, जेवणही वेगळं. मला जास्त पटतं ते जठराचं कारण. रिकाम्या पोटी घेतलेलं पेय तासाभरात बरंचसं पुढे सरकतं, म्हणून 'आधी' घेतलेली कॉफी निरुपद्रवी. घन जेवण मात्र दोन-चार तास जठरात रेंगाळतं, मागून आलेलं पेय त्याला तिथेच गाठतं. पातळ लापशी बहुधा लवकर सुटते. हे माझं अनुमान आहे. जठर रिकामं होण्याचा वेग आणि लोहाचं शोषण एकाच माणसात, एकाच वेळी मोजल्याशिवाय ते सिद्ध होणार नाही.

म्हणजे भाकरी-पिठलं खाणाऱ्याला लापशीवरचा एक तास जसाच्या तसा देता येत नाही. आणि हो, दूध घातल्याने चहाचा हा परिणाम फारसा कमी होत नाही, तेव्हा ती पळवाट नाही. घरी ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांना मी सध्या दोन तास सांगते, आणि जेवणाच्या तासभर आधीचा चहा चालेल म्हणते.