सुनीतातील कलाटणी : प्रेमकवितेचे म्हणणे कुठे आणि कसे बदलते?

सुनीत म्हणजे चौदा ओळींची कविता, आणि आठ ओळींनंतर तिच्यात ‘कलाटणी’ येते, एवढे शाळा-महाविद्यालयांत आपण सारेच शिकतो. केशवसुतांनी 1892 मध्ये ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहिले आणि या रचनेला ‘चतुर्दशक’ म्हटले, पुढे रविकिरण मंडळाच्या काळात ‘सुनीत’ हा शब्द रूढ झाला, हेही परीक्षेपुरते पाठ असते. पण प्रत्यक्ष एखादे प्रेमविषयक सुनीत समोर ठेवून ‘यात कलाटणी कुठे आहे?’ असे विचारले, तर बहुतेक वाचक नवव्या ओळीच्या आरंभी ‘पण’ किंवा ‘परी’ शोधू लागतात. तो न सापडल्यास ‘या सुनीतात कलाटणी नाही’ असा निकाल दिला जातो. इंदापूर आणि बारामतीच्या वर्गांतून सुनीत शिकवताना हा निकाल मी अनेकदा ऐकला आहे. तो चुकीचा का ठरतो आणि कलाटणी ओळखण्याची अधिक भरवशाची खूण कोणती, एवढाच या लेखाचा विषय.

‘नवव्या ओळीच्या आरंभी पण’ ही अपेक्षा इंग्रजीतून आली. शेक्सपिअरच्या अठराव्या सुनीतात ती अगदी पुरी होते. आठ ओळींपर्यंत उन्हाळ्याच्या दिवसातील उणिवा सांगून झाल्यावर नववी ओळ ‘पण’ने उघडते आणि ‘तुझा उन्हाळा मात्र ओसरणार नाही’ असे म्हणते. इंग्रजीत ‘पण’ला एकच अवयव पुरतो आणि तो ओळीच्या तोंडाशी सहज बसतो. मराठीत हा शब्द कुठे बसेल, हे अर्थाइतकेच वृत्तही ठरवते. मराठीतील अनेक सुनीते शार्दूलविक्रीडितात आहेत. या वृत्ताची ओळ एकोणीस अक्षरांची असते आणि बाराव्या अक्षरावर यती येतो. तिचे लगावली रूप असे : गागागा ललगा लगाल ललगा, गागाल गागाल गा. म्हणजे ओळ सुरू होते ती सलग तीन गुरू अक्षरांनी.

आता विरोध दाखवणारे आपले शब्द तपासू. ‘पण’ आणि ‘परि’ ही दोन लघू अक्षरे. ‘परी’ आणि ‘तरी’ यांत आधी लघू, मग गुरू. ‘परंतु’ आणि ‘तथापि’ हे दोन्ही लघू-गुरू-लघू. ‘किंतु’चे पहिले अक्षर गुरू आहे, पण दुसरे लघू. शार्दूलविक्रीडिताच्या ओळीची सुरुवात यांपैकी एकाही शब्दाने होऊ शकत नाही. वृत्त पाळणाऱ्या कवीला ‘परि’ घालायचाच असेल तर तो चौथ्या-पाचव्या अक्षरावर, नाहीतर यतीच्या आधीच्या तीन लघूंमध्ये घालावा लागतो. म्हणजे वाचक जिथे पाहतो तिथे तो शब्द असणे शक्यच नसते.

हे वृत्ताचे बंधन आहे, भाषेचे नव्हे. याचा पुरावा शोधायला बारामतीबाहेर जावे लागत नाही. मोरोपंतांनी (1729–1794) आपले आयुष्य बारामतीत, बाबूजी नाइकांच्या आश्रयाने काढले. त्यांची ‘केकावली’ पृथ्वी वृत्तात आहे. पृथ्वीची ओळ सतरा अक्षरांची, आठव्या अक्षरावर यती : लगाल ललगा लगा, ललल गालगा गालगा. येथे आरंभ लघू-गुरू-लघू असल्याने ‘परंतु’ आणि ‘तथापि’ हे शब्द पहिल्याच तीन अक्षरांत जसेच्या तसे बसतात, आणि ‘परी’, ‘तरी’ यांनाही पहिली दोन अक्षरे मोकळी मिळतात. देवाशी युक्तिवाद करीत, विनवीत, रुसत चाललेल्या शंभराहून अधिक श्लोकांच्या काव्याला हे वृत्त लाभले, यात वृत्ताच्या या मोकळीकीचा वाटा आहे असे मला वाटते. गुजरातीत बळवंतराय ठाकोर यांनी सुनीतासाठी पृथ्वीचाच आग्रह धरला होता, तो गद्याजवळ जाणाऱ्या तिच्या प्रवाहीपणासाठी. मराठी सुनीताने शार्दूलविक्रीडिताचा भारदस्तपणा पत्करला. त्यामुळे आपल्याकडची कलाटणी उभयान्वयी अव्ययावर कमी आणि इतर खुणांवर जास्त अवलंबून राहते.

त्या खुणा कोणत्या, हे दाखवायला एक उदाहरण घेतो. त्यातील ओळी या लेखापुरत्या मीच रचल्या आहेत. काव्य म्हणून त्यांची किंमत किती हा प्रश्न येथे नाही. विषय आपल्या भागातला आहे. नीरा डावा कालवा बारामतीकडून इंदापुराकडे जातो. वरच्या अंगाची शेती आधी भिजते, ‘टेल’च्या शेतकऱ्याला वाट पाहावी लागते. सुनीतातला प्रियकर वरच्या अंगाचा आहे, ती टेलच्या बाजूच्या गावी गेली आहे. पहिल्या सात ओळींत तो तक्रार करतो : आवर्तन सुटले, शेजाऱ्यांचे ऊस तरारले, तू मात्र दिलेला शब्द पाळला नाहीस. आठवी ओळ या तक्रारीचा कळस आहे :

पाणी येउन पाट हा भरुनिही राहे मळा कोरडा

येथवर त्याचे म्हणणे एका वाक्यात सांगता येते : ‘तू आली नाहीस, म्हणून मी कोरडा आहे, आणि याचा जाब तू द्यायचा आहेस.’ प्रेम येथे येणे-देणे झाले आहे. तो सावकार, ती ऋणको. आता नववी ओळ :

तूही त्याच उन्हात आज असशी तेथे कुणाच्या घरी

या ओळीत ‘पण’ नाही. तरीही म्हणणे येथेच फिरते, आणि फिरवणारा शब्द आहे ‘तूही’. आठ ओळींत ‘तू’ होती ती केवळ न येणारी म्हणून. तिला ऊन लागत असेल, तिचीही काही वाट पाहणे असेल, हे तक्रारीच्या हिशेबात धरलेलेच नव्हते. ‘ही’ या एका अक्षराने ती त्याच्या बरोबरीला आली. ‘कुणाच्या घरी’ या शब्दांनी तिच्या न येण्यामागे तिच्या हाती नसलेले काही असावे, ही शक्यता उघडली. पहिल्या आठ ओळींतील एकही तपशील खोटा ठरला नाही. पाट भरला होता हे खरे, मळा कोरडा होता हेही खरे. त्या तपशिलांवरून काढलेला निष्कर्ष तेवढा टिकला नाही. मग अखेरची ओळ येते :

येवो पाणि तुझ्या शिवारि पहिले, माझे पुढे पाहु या

(‘पाणि’ आणि ‘शिवारि’ ही ऱ्हस्व रूपे वृत्तासाठी घेतलेली आहेत.) कालव्याच्या पाण्याचा नियम ज्याला ठाऊक आहे त्याला या ओळीचे वजन वेगळे सांगायला नको. वरच्या माणसाने आपली पाळी सोडून टेलला आधी पाणी जाऊ देणे म्हणजे काय, हे आपल्याकडे भांडणांतून सगळ्यांनी पाहिलेले असते. ज्याने आठ ओळी मागणे मांडले त्याने चौदाव्या ओळीत हक्क सोडला.

या उदाहरणातून कलाटणीच्या तीन खुणा हाती लागतात. पहिली, सर्वनामांची : ‘मी, माझे’ यांची रांग तुटून ‘तू’ कर्ता होते, किंवा ‘ती’ची ‘तू’ होते. दुसरी, क्रियापदाची : ‘राहे’ हे घडते ते सांगणारे रूप, ‘येवो’ हे इच्छेचे. वर्तमानातून भूतकाळात जाणे, विधानातून प्रश्नात किंवा संबोधनात जाणे, हेही याच जातीचे. शार्दूलविक्रीडितात ओळीच्या आरंभीच्या गुरू अक्षरांत ‘आता’, ‘तेव्हा’, ‘नाही’, ‘तूही’ असे शब्द सहज बसतात, म्हणून तिथे आधी यांच्यावर नजर ठेवावी. तिसरी खूण प्रतिमेची : तीच प्रतिमा परत येते आणि वेगळे काम करते. आठव्या ओळीतले पाणी पुरावा होते, चौदाव्यातले दान आहे.

उलट बाजूने, ‘पण’ दिसला म्हणजे कलाटणी आलीच असेही नाही. हेच पृथ्वी वृत्तात रचून कोणी नववी ओळ अशी लिहिली :

तथापि मज आठवे, मिळत ना विसावा तुला

तर ‘तथापि’ अगदी तोंडाशी आहे. पण पुढच्या पाच ओळी पुन्हा ‘मग येत का नाहीस?’ याच तक्रारीकडे वळल्या तर तो ‘तथापि’ क्षणभर थबकणे ठरेल. कलाटणी खरी की खोटी, हे पाहायला एक साधी कसोटी मी वापरतो. अष्टकाचे म्हणणे एका गद्य वाक्यात लिहावे, षट्काचे दुसऱ्या. दोन्ही वाक्ये ‘आणि’ने जोडून काही बिघडत नसेल, किंवा दोन्ही भागांची अदलाबदल करूनही कविता तशीच राहत असेल, तर ती चौदा ओळींची सलग कविता आहे, कलाटणीचे सुनीत नाही. षट्क वाचल्यावर अष्टकाचे वाक्य बदलून लिहावेसे वाटले, तर कलाटणी आहे.

ही कसोटी लावताना ओळीचा आकडा डोक्यात पक्का धरू नये. इटालियन पद्धतीत आठव्या ओळीनंतर यमकेच बदलतात, म्हणून कानालाही वळण कळते. शेक्सपिअरच्या पद्धतीत चार-चार ओळींची तीन कडवी आणि शेवटी दोन ओळी असल्याने वळण तेराव्या ओळीपर्यंत लांबू शकते. त्याच्या एकशे तिसाव्या सुनीतात बारा ओळी प्रेयसी कशाकशासारखी नाही हे सांगण्यात जातात. शेवटच्या दोन ओळींत कळते की रोख तिच्या रूपावर नसून खोट्या उपमा देणाऱ्या कवींवर होता. अठराव्यातही नवव्या ओळीच्या ‘पण’पेक्षा मोठा बदल अखेरीस आहे. तिथे न ओसरण्याचे कारण सौंदर्यातून काढून कवितेकडे सोपवले जाते. ‘पण’वर थांबणारा वाचक नेमका हा बदल गमावतो.

शेवटी एक मर्यादा. माधव जूलियन यांच्या ‘तुटलेले दुवे’ (1938) सारख्या सुनीतमालेला ही कसोटी जशीच्या तशी लावू नये. जिथे एक सुनीत पुढच्याला हात देते, तिथे चौदाव्या ओळीवर दार मिटून चालत नाही. अशा रचनेत अष्टक-षट्काची वाक्ये लिहिण्याऐवजी मागच्या सुनीताचे वाक्य आणि या सुनीताचे वाक्य शेजारी ठेवावे. प्रेम करणारा कालपर्यंत काय मागत होता आणि आज काय मागतो, यातला फरक दिसला की कलाटणीही दिसते.