व्हिडिओ-निबंधातील अवतरण : थॉम अँडरसन यांच्या एका कृतीच्या निमित्ताने

ग्रंथसमीक्षेत अवतरणाची मर्यादा आपण ओळी मोजून ठरवीत नाही. अवतरणावाचून मुद्दा उभा राहतो की नाही, हे पाहतो. व्हिडिओ-निबंधाबाबत मात्र ‘अमुक सेकंदांपर्यंत चालते’ अशी समजूत रूढ आहे. तिला भारतीय कायद्यात आधार नाही, अमेरिकी कायद्यातही नाही.

थॉम अँडरसन यांचा ‘लॉस एंजेलिस प्लेज इटसेल्फ’ (२००३) हा जवळजवळ तीन तासांचा निबंध मुख्यतः इतरांच्या चित्रपटांतील तुकड्यांतून रचलेला आहे. पार्श्वभूमी, पात्र आणि विषय अशा तीन रूपांत तो शहराकडे पाहतो. त्यातील ब्रॅडबरी बिल्डिंगचा भाग येथे विचारार्थ घेतो. १८९३ साली बांधलेली ही इमारत ‘चायना गर्ल’मध्ये (१९४२) ब्रह्मदेशातील हॉटेल होते, ‘द व्हाइट क्लिफ्स ऑफ डोव्हर’मध्ये (१९४४) लंडनचे लष्करी रुग्णालय होते आणि ‘ब्लेड रनर’मध्ये (१९८२) भविष्यकाळातील ओसाड वास्तू होते. हॉलिवूड आपल्याच शहराला स्वतःचे नाव देत नाही, हे विधान शब्दांत करता येते; परंतु ते सिद्ध होते तेच कठडे आणि तोच जिना पुन्हा समोर आल्यावर. यांपैकी एकच तुकडा ठेवला, तर ती केवळ सजावट ठरेल. तुकड्याचे समर्थन त्याच्या लांबीत नसून शेजारच्या तुकड्याशी असलेल्या नात्यात, म्हणजेच रचनेत आहे.

भारतीय प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये ‘त्या अथवा अन्य कोणत्याही कृतीच्या’ समीक्षेसाठी केलेला उचित वापर मान्य आहे. एका चित्रपटाचा तुकडा दुसऱ्याच्या समीक्षेस वापरण्याची मुभा या ‘अन्य’ शब्दातून मिळते. अमेरिकी कायद्यातील हेतूंची यादी उदाहरणादाखल आहे, आपली मात्र बंदिस्त आहे. म्हणून चित्रपटाच्या तुकड्यांनी केवळ शहराची समीक्षा करणाऱ्या निबंधाची बाजू येथे अधिक दुबळी ठरेल. तोप्पिल भासी यांच्या मल्याळम नाटकाला उत्तर देणाऱ्या प्रतिनाटकाच्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने (१९९६) तीन बाबी पाहिल्या : भाष्याच्या तुलनेत घेतलेल्या भागाचे प्रमाण व मूल्य, घेण्यामागील हेतू आणि मूळ कृतीशी स्पर्धा होण्याची शक्यता. निकाल नाटकाविषयीचा असला, तरी व्हिडिओ-निबंधाला याहून उपयुक्त कसोटी मला दिसत नाही.

अडचण येते ती स्तुतीच्या ठिकाणी. अँडरसन शेवटाकडे चार्ल्स बर्नेट, हैले गेरिमा, बिली वुडबेरी या कृष्णवर्णीय दिग्दर्शकांकडे वळतात. तेथे तुकडा खोडून काढायचा नसतो, दाखवायचा असतो. आणि नुसते दाखवणे मूळ कृतीच्या आस्वादाच्या फार जवळ जाते. ध्वनी बंद करून असा तुकडा पाहावा : निवेदनाने निर्देश केलेली गोष्ट दिसून गेल्यावरही तो चालूच राहिला, तर उरलेला भाग अवतरण नव्हे. हा चित्रपट घरगुती वितरणासाठी अधिकृतपणे २०१४ मध्ये उपलब्ध झाला. तोपर्यंत तो प्रामुख्याने महोत्सवांतून आणि विशेष खेळांतूनच पाहिला जात होता.