बचावपटूचे मूल्यमापन आणि टॅकलची गणना : याप स्टाम प्रकरणाच्या अनुषंगाने एक चिकित्सा

प्रस्तावना

फुटबॉलमध्ये गोल करणाऱ्याचे मोजमाप सोपे असते; त्याने काय केले ते धावफलकावरच दिसते. बचावपटूचे तसे नाही. त्याचे काम बहुतांशी काहीतरी घडू न देण्याचे असते, आणि जे घडलेच नाही ते मोजायचे कसे, हा या खेळाच्या आकडेशास्त्रापुढचा जुना पेच आहे. त्यावर प्रारंभी शोधलेला उपाय असा, की जे डोळ्यांना दिसते ते मोजावे. प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू काढून घेणे, म्हणजे टॅकल, हे सर्वांत ठळकपणे दिसते. म्हणून टॅकलची संख्या हेच बचावाचे परिमाण ठरू लागले. प्रस्तुत लेखात या परिमाणाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला असून, पास मध्येच अडवणे आणि हवाई द्वंद्वे या दोन अन्य परिमाणांची त्यास कितपत जोड मिळू शकते, याचाही विचार केला आहे.

स्टाम प्रकरण

या विषयावरील लेखनात एक उदाहरण हमखास येते. डच मध्यबचावपटू याप स्टाम १९९८ मध्ये पीएसव्ही आइंडहोवेनकडून मँचेस्टर युनायटेडमध्ये आला आणि १९९९ साली त्या संघाने एकाच हंगामात तीन अजिंक्यपदे मिळवली, त्यात त्याचा वाटा मोठा होता. ऑगस्ट २००१ मध्ये व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी त्याला सुमारे १६ दशलक्ष पौंडांना इटलीच्या लाझिओ संघाला विकले. सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांच्या २००९ मधील ‘सॉकरनॉमिक्स’ या ग्रंथातून प्रसिद्ध झालेली कथा अशी, की स्टामचे टॅकल पूर्वीपेक्षा कमी झाल्याचे आकड्यांत दिसले आणि त्याचा उतार सुरू झाला असा अर्थ त्यातून काढला गेला. पुढील वर्षांनी तो अर्थ खोटा ठरवला. स्टाम लाझिओत खेळला, २००४ मध्ये एसी मिलानला गेला, २००५ ची चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत खेळला आणि २००७ मध्ये निवृत्त झाला. खेळाच्या दृष्टीने तो निर्णय चुकीचा होता, हे फर्ग्युसन यांनी पुढे मान्य केले.

ही कथा बोधप्रद आहे, पण ती जितक्या नीटसपणे सांगितली जाते तितकी ती नीटस नाही. फर्ग्युसन यांनी दिलेल्या कारणांत स्टामच्या टाचेच्या शिरेची दुखापत होती, वय २९ होते आणि त्या वयाच्या बचावपटूसाठी आलेली मोठी रक्कम होती. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या स्टामच्या आत्मचरित्राने वाद उठवला होता, तो वेगळाच. स्टामच्या जागी ३५ वर्षांचा लोराँ ब्लाँ आला. युनायटेडने लीगमध्ये २०००-०१ मध्ये ३१ गोल स्वीकारले होते, २००१-०२ मध्ये ४५. परंतु ही वाढ एका खेळाडूच्या जाण्यावर टाकणे म्हणजे ज्या दोषाची आपण चिकित्सा करीत आहोत तोच पुन्हा करणे होय. एका आकड्यावरून घाईने काढलेल्या निष्कर्षाची ही कथा स्वतःही एका कारणावरून घाईनेच सांगितली जाते, हे नमूद करणे आवश्यक वाटते.

तरीही प्रकरणातील मूळ प्रश्न खरा आहे. टॅकल घटले, याचा अर्थ काय? खेळाडू मंदावला, हा एक अर्थ. अनुभवाने त्याची उभे राहण्याची जागा अधिक अचूक झाली, म्हणून चेंडू हिसकावण्याची वेळच येईनाशी झाली, हा दुसरा. प्रतिस्पर्धी त्याच्या बाजूने येण्याचेच टाळू लागले, हा तिसरा. आणि त्याचा संघ चेंडू अधिक काळ स्वतःकडे राखू लागला, हा चौथा. एकच आकडा या चारही अर्थांशी सुसंगत आहे, आणि त्यांपैकी एकच अर्थ खेळाडूच्या विरोधात जातो.

गणनेत काय येते, काय सुटते

टॅकल या नोंदीची व्याख्या पाहिली तर अडचण अधिक स्पष्ट होते. ऑप्टा या आकडे संकलित करणाऱ्या संस्थेच्या रीतीनुसार बचावपटूने चेंडूला स्पर्श करून तो प्रतिस्पर्ध्याकडून काढला तरच टॅकल नोंदले जाते. तो झेपावला आणि प्रतिस्पर्धी त्याला हुलकावणी देऊन निघून गेला, तर त्याची नोंद वेगळ्या रकान्यात होते. पाय लागून प्रतिस्पर्धी पडला, तर फाउल म्हणून तिसऱ्या रकान्यात. म्हणजे टॅकलची बेरीज ही केवळ यशांची बेरीज असते. किती प्रयत्नांत ते यश आले, हे तीत नसते.

हे स्पष्ट करण्यासाठी दोन काल्पनिक बचावपटू घेऊ. ‘अ’ ने हंगामात ६० टॅकल केले आणि ‘ब’ ने ३०. बेरजेनुसार ‘अ’ दुप्पट गुणी ठरतो. आता ‘अ’ ला ४० वेळा हुलकावणी मिळाली आणि त्याने अशा प्रयत्नांत २० फाउल केले असे समजू. ‘ब’ च्या बाबतीत हेच आकडे ६ आणि ४ आहेत. ‘अ’ चे १२० प्रयत्नांत ६० यश, म्हणजे निम्मे. ‘ब’ चे ४० प्रयत्नांत ३०, म्हणजे शंभरात पंचाहत्तर. शिवाय मध्यबचावपटूच्या मागे सहसा केवळ गोलरक्षक उरतो. त्यामुळे ‘अ’ च्या ४० हुलकावण्यांची किंमत मैदानाच्या मध्यावरील तितक्याच हुलकावण्यांहून कितीतरी जास्त पडते.

दुसरी दुरुस्ती संधीची. चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे असतानाच टॅकल संभवते. ‘अ’ च्या संघाविरुद्ध प्रतिस्पर्ध्याकडे चेंडू ६० टक्के वेळ असतो आणि ‘ब’ च्या संघाविरुद्ध ४० टक्के, असे धरू. दोघांनाही निम्म्या ताब्याच्या पातळीवर आणले, तर ‘अ’ चे ६० टॅकल ५० होतात आणि ‘ब’ चे ३० हे साडेसदतीस. दुपटीचे अंतर एक-तृतीयांशावर आले. टेड नट्सन यांनी २०१४ मध्ये मांडलेली ताब्यानुसार दुरुस्तीची पद्धत याच विचाराची आहे. तिचे सूत्र मात्र सरळ प्रमाणाचे नसून वक्ररेषेचे आहे. या दुरुस्तीलाही मर्यादा आहे. प्रतिस्पर्धी आपल्याच अर्ध्या भागात चेंडू फिरवत असेल, तर त्याच्या ताब्याची टक्केवारी वाढते, पण आपल्या मध्यबचावपटूला त्यातून काहीच काम मिळत नाही.

अन्य दोन परिमाणे

पास अडवणे, म्हणजे इंटरसेप्शन, हे टॅकलहून वेगळे कौशल्य आहे. येथे बचावपटू प्रतिस्पर्ध्याचा हेतू आधीच ओळखून पासच्या मार्गात येतो. ज्याचे टॅकल घटले पण अशा अडवणुकी टिकल्या वा वाढल्या, आणि हुलकावण्या वाढल्या नाहीत, तो मंदावलेला नसून अधिक जाणता झाला असण्याची शक्यता मोठी. तिन्ही घटून हुलकावण्या वाढल्या, तर मात्र शंका रास्त आहे. स्टामच्या बाबतीत विचारायला हवा होता तो प्रश्न हाच. तथापि या परिमाणातही एक छुपे छिद्र आहे. पास अडवण्यासाठी बचावपटू जागा सोडून पुढे धावला आणि चेंडू त्याला चुकवून मागे गेला, तर त्या फसलेल्या धावेची नोंदच होत नाही. टॅकल फसले तर निदान हुलकावणीच्या रकान्यात खूण राहते. येथे तीही नाही. त्यामुळे अडवणुकींचा मोठा आकडा धाडसी खेळाडूला अकारण उजळ दाखवू शकतो.

हवाई द्वंद्वाचे स्वरूप पुन्हा निराळे. दोघे एका चेंडूसाठी उसळतात, एक जिंकतो, एक हरतो. म्हणून सर्व लीगची सरासरी अपरिहार्यपणे पन्नास टक्के. हे एकच परिमाण अपयशाची नोंद आपोआप ठेवते, आणि माझ्या मते तिघांत ते सर्वांत प्रामाणिक आहे. पण येथेही कोणाविरुद्ध, हे विचारावे लागते. उंच मध्य-आघाडीपटूशी झुंजणारा आणि बुटक्या बाजूपटूंवरून सहज डोके मारणारा यांची टक्केवारी सारखी असली, तरी कामगिरी सारखी नसते. जिंकलेला हेडर पुढे कोणाच्या पायाशी पडला, हे तर या आकड्यात येतच नाही.

यावरून एक गोष्ट लक्षात येते, की ही तीन परिमाणे एकत्र वाचावीत, पण त्यांची बेरीज करू नये. त्यांची एककेच भिन्न आहेत.

जे कोणत्याच रकान्यात नाही

३१ मार्च २०१९ रोजी अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूल व टॉटनहॅम यांची लढत १-१ अशी बरोबरीत असताना, अखेरच्या काही मिनिटांत टॉटनहॅमचे मूसा सिसोको आणि सोन ह्युंग-मिन वेगाने चाल करून आले. त्यांच्यासमोर एकटा व्हर्जिल व्हॅन डाइक होता. सिसोकोच्या पायाशी चेंडू होता. व्हॅन डाइक त्याच्यावर झेपावला असता, तर पास सोनकडे जाणार होता, आणि सोन हा त्या दोघांतला नेमका गोल करणारा. व्हॅन डाइक मागे सरकत राहिला, सोनकडे जाणारी वाट शरीराने बंद ठेवली आणि सिसोकोला त्याच्या कमकुवत डाव्या पायाने फटका मारण्यास भाग पाडले. चेंडू गोलच्या वरून गेला. काही मिनिटांतच टोबी आल्डरवेरेल्डच्या स्वयंगोलाने लिव्हरपूल २-१ असे जिंकले.

या प्रसंगाची बचावाच्या रकान्यांतली नोंद काय? टॅकल शून्य, अडवलेला पास शून्य, हवाई द्वंद्व शून्य. सिसोकोच्या नावावर एक चुकलेला फटका. व्हॅन डाइकने जे केले ते म्हणजे दोन वाटांपैकी धोक्याची वाट बंद करून कमी धोक्याची उघडी ठेवणे, आणि न उचललेल्या पावलाला रकाना नसतो.

येथे कबड्डीची आठवण होणे स्वाभाविक आहे. पकडीला गुण असतो. चढाईपटूला रिकाम्या हाताने परत पाठवणाऱ्या संरक्षणाला त्या चढाईपुरते काहीच मिळत नाही. परंतु प्रो कबड्डीच्या नियमांत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरी निर्णायक ठरते आणि तीही रिकामी गेली तर चढाईपटू बाद होतो. न घडू देण्याचे मोल तेथे निदान नियमाने तरी ओळखले आहे. फुटबॉलच्या गणनेत अशी तरतूद नव्हती. मैदानावरील सर्व खेळाडूंची स्थाने क्षणोक्षणी टिपणाऱ्या यंत्रणांमुळे आता कोणती पासची वाट कोणी बंद ठेवली याचा अंदाज बांधता येतो. तथापि अशी सामग्री महाग आहे, आणि महाविद्यालयीन वा जिल्हा पातळीवरील निवड समितीला चित्रफीत पाहून हुलकावण्या व फसलेल्या धावा हाताने टिपून ठेवण्यावाचून पर्याय नाही.

व्हॅन डाइकच्या निमित्ताने पुढे एक नवाच आकडा लोकप्रिय झाला. मार्च २०१८ मध्ये न्यूकॅसलच्या मिकेल मेरिनोनंतर प्रीमियर लीगच्या ५० सामन्यांत त्याला कोणी हुलकावणी देऊ शकले नव्हते. २४ ऑगस्ट २०१९ रोजी आर्सेनलच्या निकोला पेपेने ती दिली. त्या दिवशी वृत्तपत्रांना हीच बातमी वाटली, जरी लिव्हरपूलने सामना ३-१ असा जिंकला. हुलकावणी न मिळण्याचे एक कारण त्याचे कौशल्य होते हे निर्विवाद. पण झेपावण्याऐवजी मागे सरकण्याची त्याची रीत हेही कारण होते, आणि जो झेपावत नाही त्याच्या नावावर हुलकावणीची नोंद सहसा पडतच नाही. टॅकलच्या बेरजेच्या जागी ही एकटी संख्या ठेवणाऱ्यांनी व्हॅन डाइकची थोरवी बरोबर ओळखली, ती मोजण्याची रीत मात्र जुनीच ठेवली.