पुस्तकांच्या दुकानाचं ईमेल: पोस्टर की पत्र?

आज ज्याची चिरफाड करायची आहे ते एका मराठी पुस्तकांच्या दुकानाचं मासिक वार्तापत्र आहे. दुकानाचं नाव सांगत नाही, कारण असंच वार्तापत्र तुमच्याही इनबॉक्समध्ये येत असणार. नवीन आलेली पाच पुस्तकं, प्रत्येकाचं मुखपृष्ठ, चार ओळींचा परिचय, किंमत, आणि तळाशी ‘मागवा’ असं लाल बटण. हे सगळं मिळून एकच चित्र: १०८० पिक्सेल रुंद, भलतंच उंच, २.४ एमबीची पीएनजी फाइल. ईमेलमध्ये मजकूर म्हणून एक अक्षरही नाही. दुकानदारांचं म्हणणं असं की मराठी वाचक ईमेल वाचत नाही, तेव्हा हे बंदच करावं. मला हा निष्कर्ष मान्य नाही. वाचकाने वाचावं असं त्यांनी अजून काही पाठवलेलंच नाही.

आधी अक्षरांचा आकार बघू. डिझायनरने परिचयाचा मजकूर २६ पिक्सेलमध्ये लावलाय. त्याच्या मोठ्या पडद्यावर तो छान दिसतो. पण बहुतेक अँड्रॉइड फोनच्या पडद्याची रुंदी, मांडणीच्या हिशेबात, साधारण ३६० पिक्सेल धरली जाते. म्हणजे १०८० चं चित्र तिथे एक तृतीयांश होतं आणि २६ चे होतात जेमतेम ९. प्रत्यक्ष मोजमापात हे दीड मिलिमीटरच्याही आत येतं. छापील पुस्तकातला १२ पॉइंटचा टाइप सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास असतो. फोन आपण पुस्तकापेक्षा जवळ धरतो हे खरं, पण इतकाही जवळ नाही. शिवाय देवनागरीला मजला वर आणि तळघर खाली, दोन्ही लागतात. रफार, अनुस्वार, उकार या सगळ्यांची जागा त्या ९ पिक्सेलांतच. मग ‘मुलांनी’ आहे की ‘मुलानी’, हे अंदाजाने वाचावं लागतं.

एवढं साधं गणित कुणाच्या लक्षात कसं येत नाही? माझ्या मते याचं मूळ डीटीपीत आहे. आपल्याकडे जाहिरात, पत्रक, निमंत्रण हे सगळं वर्षानुवर्षं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये तयार होत आलंय. तो मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या सांकेतिक पद्धतीत असेल तर उचलून ईमेलमध्ये चिकटवला की कचरा दिसतो. मग सोपा मार्ग म्हणजे चित्र करून पाठवणे. तेच चित्र व्हॉट्सॲपवरही जातं. तिथे एका पुस्तकाचं, तीन ओळींचं पोस्टर चालून जातं. पाच पुस्तकांचं नाही. शिवाय जीमेलमध्ये आपला आवडता फॉन्ट पाठवताच येत नाही. अँड्रॉइडवर सहसा नोटो सान्स देवनागरी दिसणार, आयफोनवर कोहिनूर. डिझायनरला हे खटकतं, पण मला हा सौदा फायद्याचा वाटतो: फॉन्ट गेला, मजकूर हाती आला. तो मजकूर फोनच्या सेटिंगप्रमाणे मोठा करता येतो, दृष्टिहीन वाचकाला टॉकबॅक वाचून दाखवतं, आणि दोन महिन्यांनी लेखकाचं नाव टाकून शोधलं तर ते ईमेल सापडतंसुद्धा.

आता हेच वार्तापत्र पुन्हा मांडून बघू. एकच स्तंभ, रुंदी १००%, मोठ्या पडद्यासाठी जास्तीत जास्त ६०० पिक्सेल. दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल मोकळे सोडले की ३६० च्या फोनवर मजकुराला ३२८ उरतात. अक्षर १८ पिक्सेलचं, ओळीची उंची २८. एका ओळीत पाच-सहा शब्द बसतात. पुस्तकापेक्षा ओळ आखूड आहे, पण नजर ठेचकाळत नाही. मुखपृष्ठ डावीकडे आणि सगळा मजकूर उजवीकडे, ही मांडणी मात्र टाळा. १२० पिक्सेलचं मुखपृष्ठ आणि मधली जागा गेली की मजकुराला दोनशेही उरत नाहीत. ‘विद्यापीठांमधल्या’ यासारखा एक शब्द अर्ध्याहून जास्त ओळ खातो. मुखपृष्ठाशेजारी शीर्षक, लेखक आणि किंमत एवढंच ठेवावं, परिचय खाली पूर्ण रुंदीत. आणि दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह आवरा, नाहीतर तीन शब्दांच्या ओळीत खिंडी पडतात.

१२० पिक्सेलच्या जागेसाठी २४० रुंदीची जेपीजी फाइल पुरते. अशी एक फाइल साधारण २०-२५ केबी, पाच मिळून सव्वाशे केबीच्या आत. एसटीत बसलेल्या वाचकाला एक एमबीपीएस मिळतंय असं धरा. सव्वाशे केबीला सुमारे एक सेकंद लागतो, जुन्या पोस्टरला एकोणीस. पण माझ्या दृष्टीने फरक नुसता सेकंदांचा नाही. नव्या मांडणीत मजकूर आधी येतो आणि चित्रं मागून, त्यामुळे चित्रं रेंगाळली तरी वाचन सुरू होतं. पोस्टर येईपर्यंत मात्र वाचण्यासारखं काहीच नसतं. फक्त प्रत्येक चित्राची रुंदी आणि उंची कोडमध्ये लिहून ठेवा. नाहीतर चित्र उशिरा उतरतं, खालचा मजकूर ढकलला जातो, आणि बोट भलत्याच पुस्तकावर पडतं.

बोटाचा विषय निघालाच आहे, तर २००६ चा एक अभ्यास सांगते. परही, कार्लसन आणि बेडरसन यांनी एका हातात उपकरण धरून अंगठ्याने दाबताना लक्ष्य किती मोठं हवं हे मोजलं. एकेकटं बटण दाबायचं असेल तर ९.२ मिलिमीटर, असं त्यांचं उत्तर होतं. अँड्रॉइडची ४८ एककांची शिफारस साडेसात मिलिमीटरच्या आसपास येते. त्यांचं उपकरण त्या काळातला पीडीए होता, पडदाही वेगळ्या जातीचा, त्यामुळे ९.२ हा आकडा आज जसाच्या तसा वेदवाक्य मानू नये. पण बसच्या दांडीला धरून उभं राहिलेल्याच्या अंगठ्याला मोठी बाजू धरलेली बरी. ९.२ मिलिमीटर म्हणजे साधारण ५८ पिक्सेल, आणि ते असे जमतात:

```html
<a href="https://example.com/pustak-1"
   style="display:block; padding:16px;
   font-size:18px; line-height:26px;">पुस्तक मागवा</a>
```

१६ अधिक २६ अधिक १६. पाच पुस्तकांना पाच बटणं, प्रत्येकाचा दुवा त्या-त्या पुस्तकाच्या पानाचा. जुन्या पोस्टरवरचं लाल बटण खरं तर बटण नव्हतंच. अख्ख्या चित्राला एकच दुवा होता, तोही दुकानाच्या मुखपानाचा. वाचक तिथे पोचणार आणि शोधपेटीत पुस्तकाचं नाव मराठीत टाइप करणार, अशी अपेक्षा!

मजकूर वापरायला लागल्यावर उलट टोकाला जाऊ नका. उत्साहात अख्खं प्रकरण ईमेलमध्ये घालावंसं वाटतं. जीमेल साधारण १०२ केबीपुढचं एचटीएमएल कापतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. काही ईमेल पाठवणाऱ्या सेवा त्याचं `&#2325;` असं रूपांतर करतात, मग तीनाचे सात होतात. बारा हजार चिन्हांचं प्रकरण एरवी ३६ केबी, आणि असं झालं तर ८४ केबी. वर्डमधून चिकटवताना आलेला फाफटपसारा वेगळाच. त्यात कापलं जातं ते तळाचं: शेवटचं पुस्तक आणि सदस्यत्व रद्द करण्याचा दुवा. स्वतःलाच पाठवून जीमेलमध्ये शेवटपर्यंत सरकवा. `View entire message` दिसलं तर कात्री लागली आहे. उतारा दीडशे शब्दांचा ठेवा, बाकीचा संकेतस्थळावर.

राहिला प्रश्न वाचक आहेत की नाहीत याचा. ‘किती जणांनी उघडलं’ या आकड्यावर विसंबू नका. तो मोजणारं अदृश्य चित्र ॲपलचं मेल ॲप २०२१ पासून, वाचकाने ती सोय चालू ठेवलेली असेल तर, ईमेल न उघडताही आधीच उतरवून ठेवतं. पाच वेगळे दुवे असले की कोणत्या पुस्तकावर किती बोटं पडली हे तरी मोजता येतं. तीन महिने ते मोजावं आणि मग वार्तापत्र बंद करायचं की नाही ते ठरवावं.