‘प्रायोजित’ : एका स्क्रीनशॉटचं वाचन

माझ्यासमोर एक स्क्रीनशॉट आहे. वर डाव्या कोपऱ्यात वेळ, ११:४२. बॅटरी तेवीस टक्के. शोधपेटीत एका राष्ट्रीयीकृत बँकेचं नाव आणि पुढे ‘कस्टमर केअर नंबर’. त्याखाली बारीक ठळक अक्षरांत ‘प्रायोजित’, मग एक पत्ता, मग निळ्या अक्षरांतलं मोठं शीर्षक : बँकेचं नाव, ‘२४ तास मदत’, आणि लगेच एक मोबाइल नंबर. खाली दोन ओळींचं वर्णन, त्यात ‘रिफंड’ हा शब्द दोनदा. बँकेची स्वतःची वेबसाइट या चित्रात नाहीच. ती असणार त्याच्या खाली, बोटाने वर सरकवल्यावर दिसणारी. चित्र जिथे संपतं तिथे तिचा फक्त वरचा काठ दिसतो.

हे चित्र माझ्या मावसभावाच्या फोनमधलं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्याचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. सुताच्या व्यापाऱ्याला यूपीआयने पाठवलेले ४,८५० रुपये खात्यातून गेले, पण तिकडे पोचले नाहीत. म्हणून त्याने नंबर शोधला. बँकेचं नाव मी मुद्दाम देत नाही. या चित्रात तिचा हात नाही, तिचं फक्त नाव वापरलं गेलंय.

अशा घटनेवर आपल्याकडे जे लिहिलं जातं ते एकाच साच्याचं असतं : नागरिकांनी सतर्क राहावं, अनोळखी नंबरवर विश्वास ठेवू नये. मला त्या लेखनाचा कंटाळा आहे, कारण ते चित्राकडे पाहतच नाही. एखाद्या कवितेवर लिहिताना आपण आधी ती वाचतो. हाही एक मजकूरच आहे. कुणीतरी पैसे मोजून, शब्द निवडून, जागा विकत घेऊन लिहिलेला.

सुरुवात पहिल्या शब्दापासून करू. शोधयंत्राचा वरचा भाग विकत मिळतो, हे सांगण्याची जबाबदारी या पानावर फक्त ‘प्रायोजित’ या एका शब्दावर आहे. मराठीत त्याचा अर्थ काय होतो? दूरदर्शनच्या काळापासून ‘प्रायोजक’ म्हणजे ज्याच्यामुळे कार्यक्रम होतो तो. गणेशोत्सवाच्या कमानीवर त्याचं नाव असतं, व्यासपीठावर त्याला नारळ-शाल मिळते. म्हणजे आपल्या कानाला हा शब्द प्रतिष्ठेचा आहे. वर्तमानपत्रात मात्र ‘जाहिरात’ असं छापतात, आणि छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘व्यवहार करण्यापूर्वी खात्री करून घ्यावी’ अशी चौकटही टाकतात. ‘जाहिरात’ म्हटलं की सोलापूरचा कुठलाही कारखानदार किंमत कमी करूनच ऐकतो. ‘प्रायोजित’ म्हटलं की त्याला वाटतं, बँकेनेच पुरस्कृत केलेलं काहीतरी. माझ्या भावाला मी विचारलं, तर तो म्हणाला, “मला वाटलं बँकेचं अधिकृत आहे, म्हणून तर वर आलंय.”

हे शब्दापुरतं नाही. गूगलवरच्या जाहिराती एके काळी फिक्या रंगाच्या पट्टीवर असत. सगळा चौकोनच वेगळा दिसे. २०१३ मध्ये पट्टी जाऊन शब्दाभोवती छोटी पिवळी चौकट आली. २०१६ मध्ये ती हिरवी झाली, २०२० मध्ये शब्द काळा होऊन खालच्या निकालांसारखाच दिसू लागला, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात मोबाइलवर त्याची जागा ‘प्रायोजित’ने घेतली. २०२२ च्या बदलात शब्द पुन्हा स्वतंत्र ओळीवर आला, हे मान्य करायला हवं. पण एकूण प्रवास रंगाकडून अक्षराकडे झालाय. रंग ओळखायला वाचावं लागत नसे. अक्षर वाचावं लागतं, आणि पैसे अडकलेला माणूस निळ्या मोठ्या ओळीशिवाय काही वाचत नाही.

आता पत्ता. चित्रातल्या पत्त्यात बँकेचं नाव स्पष्ट दिसतं, आणि तिथेच या लेखकाचं खरं कसब आहे. पत्त्याचा साचा असा होता (खरा पत्ता इथे देत नाही) :

```
help-desk.example/Bank-Name/Helpline
```

जाहिरात लिहिणाऱ्याला पत्त्याच्या पुढे तिरप्या रेघेनंतरचे दोन तुकडे, प्रत्येकी पंधरा अक्षरांपर्यंत, आपल्या मर्जीने लिहिता येतात. तसं पान त्या वेबसाइटवर असलंच पाहिजे असंही नाही. ही सोय चप्पलवाल्याला ‘पुरुष / सँडल’ असं लिहिता यावं म्हणून आहे. इथे त्याच दोन खणांत बँकेचं नाव बसवलंय. म्हणजे पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग कुणाचा आहे एवढंच पाहायचं. नंतरचा भाग म्हणजे रिक्षाच्या मागे लिहिलेलं नाव, मालक कोण ते त्यावरून कळत नाही. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये भारतातल्या बँकांना `.bank.in` ने संपणाऱ्या पत्त्यांवर जायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबरची मुदत दिली, ती याच कारणाने. हा शेवट फक्त बँकांनाच मिळतो, आणि तो तिरप्या रेघेच्या आधी असावा लागतो.

तिसरी गोष्ट नंबर. हा मला या मजकुरातला सर्वांत बोलका भाग वाटतो. आकडे विचित्र तोडलेत, आणि नीट पाहिलं तर एका शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ आहे. घाईत झालेली चूक नाही ती. गूगलच्या जाहिरात-नियमांत शीर्षकात किंवा वर्णनात फोन नंबर लिहायला मनाई आहे. नंबरासाठी वेगळी सोय असते आणि तो नंबर तपासला जातो. शीर्षकात नंबर घालायचा तर तपासणाऱ्या यंत्राला तो नंबर वाटता कामा नये, पण माणसाला वाटला पाहिजे. म्हणून ‘ओ’. एकाच ओळीचे दोन वाचक आहेत, आणि लेखकाने दोघांनाही वेगवेगळं वाचायला लावलंय. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर हीच खूण पुरेशी आहे : शीर्षकातच नंबर दिसला, की तो तिथे नियम चुकवून आलाय. शिवाय मोठ्या बँकांचे मदत क्रमांक बहुधा १८०० ने सुरू होतात. हा दहा आकडी मोबाइल होता.

महाराष्ट्राला हा प्रकार नवा नाही. २०१८ मध्ये बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे गूगल मॅप्सवरचे नंबर परस्पर बदलल्याच्या तक्रारी राज्याच्या सायबर पोलिसांकडे आल्या होत्या. (हीच बँक सोलापूर जिल्ह्याची अग्रणी बँक, हा योगायोग.) तिथे पैसे मोजावे लागले नव्हते, नकाशावर ‘बदल सुचवा’ ही सोय कुणालाही वापरता येते, तीच वापरली. पण तो नंबर नकाशावर सगळ्यांना दिसत होता, म्हणून बँकेलाही तो शोधून दुरुस्त करता आला. विकत घेतलेल्या जाहिरातीचं तसं नाही. ती प्रत्येक शोधाच्या वेळी लिलावात उतरते. गाव, वेळ, भाषा निवडता येते. दिवसाचं बजेट संपलं की दिसेनाशी होते. माझा भाऊ दुसऱ्या दिवशी शाखेत गेला तेव्हा अधिकाऱ्याने स्वतःच्या संगणकावर तेच शब्द टाकून पाहिले. वर बँकेचीच वेबसाइट आली. “इथे तर काही नाही,” असं ते म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते. जे पान भावाने पाहिलं ते त्याच्याचसाठी, त्याच मिनिटाला छापलेलं होतं. त्याची दुसरी प्रत नाही. म्हणून हा स्क्रीनशॉट.

फोनवर पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण तो भाग सगळीकडे सारखाच असतो. पलीकडचा माणूस शांत, हिंदीत बोलणारा. त्याने तक्रार क्रमांक दिला, ‘रिफंडचा फॉर्म’ भरायला एक अॅप घ्यायला लावलं, ते स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारं निघालं. अशा अॅपबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ च्या फेब्रुवारीतच बँकांना सावध केलं होतं. दोन व्यवहारांत ८८,४९९ रुपये गेले. इथे थांबण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. बँकांचे बहुतेक इशारे येणाऱ्या फोनबद्दल असतात : आम्ही कधीही फोन करून ओटीपी मागत नाही. माझ्या भावाला ते पाठ आहे. पण इथे फोन त्याने केला होता. त्याच्या दृष्टीने संशय घ्यायचा तर तो समोरच्याने घ्यायचा, आणि समोरच्यानेही ‘खातं तुमचंच आहे ना, खात्री करतो’ म्हणत तो घेतलाच.

आणि मूळचे ४,८५० रुपये? यूपीआयने एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे पाठवलेली रक्कम खात्यातून कापली गेली पण पोचली नाही, तर ती दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत करायची, दुकानदाराला दिलेली असेल तर पाच दिवसांत, आणि उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये द्यायचे, असं रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. म्हणजे फोन करायची गरजच नव्हती. ते पैसे दुसऱ्या दिवशी दुपारी आपसूक आले. ही माहिती व्यवहार फसल्याच्या त्या पडद्यावरच एका ओळीत लिहिता आली असती. ती तिथे नव्हती, आणि ती रिकामी जागा कुणीतरी भाड्याने घेतली. माझी खरी तक्रार भावाच्या सावधपणाबद्दल नाही, या रिकाम्या ओळीबद्दल आहे.

नियम मात्र सावधपणाचाच हिशोब मागतात. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष बाहेरच्या कुणाचा असेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर ग्राहकाला तोशीस नाही. पण ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. म्हणून इथे मिनिटं मोजली जातात. भावाने पाऊण तासात १९३० ला फोन केला, त्यामुळे दुसऱ्या व्यवहाराची रक्कम पुढच्या खात्यात अडवता आली.

पुरावा म्हणून हे चित्र किती चालतं, हा शेवटचा प्रश्न. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं, ते मिळवता येतं. पण चित्रात जे टिपलंच गेलं नाही ते प्रमाणपत्राने येत नाही. जाहिरातीशेजारी तीन टिंबं दिसतात. ती दाबली की जाहिरातदाराचं नाव आणि देश कळतो. ओळीवर बोट दाबून धरलं की संपूर्ण दुवा कॉपी करता येतो, आणि त्यात त्या एका क्लिकची ओळख सांगणारी `gclid` नावाची लांबलचक अक्षरमाला असू शकते, जिच्यावरून गूगलला त्यामागचं जाहिरात-खातं शोधता येतं. माझ्यासमोरच्या चित्रात तीन टिंबं आहेत. निळ्या शीर्षकाच्या उजवीकडे, नीट दिसतात. ती दाबलेली नाहीत.