छायाक्षेत्राच्या आकृतीत काय चुकते?

पृथ्वीच्या अंतरंगाचा धडा आला की एक आकृती हटकून येते. वर्तुळाच्या माथ्यावर भूकंप, आत गाभा, आणि दोन्ही बाजूंना सुमारे १०३ ते १४३ अंशांच्या दरम्यान काळा केलेला पट्टा. खाली लिहिलेले असते : 'छायाक्षेत्र'. ही आकृती आम्ही अनेक पुस्तकांत पाहिली आहे. आमची तक्रार अशी, की ती पाहून विद्यार्थी पट्ट्याचे आकडे पाठ करतात, पण पट्टा का पडला याचे उत्तर चुकीचे देतात. 'गाभा द्रवरूप असल्याने लहरी अडतात', हे ते उत्तर. दुय्यम लहरींना ते लागू पडते. प्राथमिक लहरी मात्र द्रवातून खुशाल जातात. त्यांची छाया अडवणुकीची नसून वक्रीभवनाची आहे.

हे पटवायला एक किरण काढून पाहू. सोयीसाठी प्रावरणात वेग सगळीकडे सेकंदाला १० किलोमीटर आणि गाभ्यात ८ किलोमीटर धरू. पृथ्वीची त्रिज्या ६,३७० आणि गाभ्याची ३,४८० किलोमीटर, म्हणजे गुणोत्तर १.८३. स्तंभिका म्हणून केंद्राकडे जाणारी त्रिज्याच घ्यायची. समजा, किरण गाभ्यावर ६० अंशांच्या आपाती कोनाने आदळतो. भूकंपस्थान, केंद्र आणि आघातबिंदू यांच्या त्रिकोणात साइनचा नियम लावला, तर भूकंपस्थानाशी किरणाने त्रिज्येशी केलेला कोन २८.२ अंश येतो (साइन ६० भागिले १.८३). बाह्यकोनाच्या नियमाने केंद्रापाशी ६० वजा २८.२, म्हणजे ३१.८ अंश.

आता सीमेवर स्नेलचा नियम. साइन ६० ला ८/१० ने गुणले की वक्रीभूत कोन ४३.८ अंश मिळतो. वेग कमी झाल्यामुळे किरण स्तंभिकेकडे, म्हणजे केंद्राच्या बाजूला वळला. गाभ्यातील त्याचा मार्ग ही एक जीवा आहे. तिने केंद्रापाशी केलेला कोन १८० मधून ४३.८ ची दुप्पट वजा करून ९२.४ अंश. बाहेर पडताना तेच वळण उलट होते आणि पुन्हा ३१.८ अंश मिळतात. बेरीज १५६ अंश. किरण तिथे पृष्ठभागावर येतो.

खरी गंमत एका किरणात नाही, चार-पाच किरणांत आहे. गाभ्याला जेमतेम स्पर्शून न वळता जाणारा किरण ११४ अंशांवर निघतो. त्याच्या लगतचा, काठावरून आत शिरणारा किरण मात्र एवढा वळतो की तो १८० ओलांडून १८७ अंशांवर, म्हणजे पलीकडच्या बाजूला जातो. आपाती कोन ७० अंश केला की १६१, ५३ केला की १५५. पुढे कोन आणखी कमी केला तर अंतर घटत नाही, वाढू लागते : ३० अंशांना पुन्हा १६१, शून्याला १८०. म्हणजे १५५ च्या अलीकडे एकही किरण येत नाही, आणि नेमके तिथे किरणांची दाटी होते. म्हणून छायेच्या दूरच्या कडेला लहरी विशेष जोरदार नोंदल्या जातात. पुस्तकातील आकृती या दोन कडांचे किरण शेजारी-शेजारी काढते, जणू एक गाभ्याला चुकवून गेला आणि दुसरा लगेच आत शिरला. दूरच्या कडेचा किरण गाभ्यात बराच तिरपा, पण काठापासून चांगला आत शिरलेला असतो, हे त्यात कुठेच दिसत नाही.

आमची छाया ११४ ते १५५ अंशांत पडली, प्रत्यक्षात ती १०३ ते १४३ मध्ये आहे. रुंदी जवळपास बरोबर, जागा चुकीची. कारण उघड आहे : प्रावरणात वेग स्थिर नाही. कवचाखाली तो सुमारे ८ आणि गाभ्यालगत १३.७ किलोमीटर होतो, त्यामुळे किरण सरळ न जाता वरच्या दिशेने वाकत जातो आणि अलीकडेच पृष्ठभागावर येतो. आकृतीत प्रावरणातील किरण सरळ पट्टीने काढून खाली १०३ लिहिलेले असेल, तर ती आकृती स्वतःशीच विसंगत आहे. पट्टी आणि कोनमापक घेऊन कोणालाही हे तपासता येईल.

सरळ किरण काढणे हा मात्र दोष नव्हे. डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी १९३६ सालच्या निबंधात प्रावरणाला १० आणि गाभ्याला ८ हेच स्थिर वेग घेतले होते. १९२९ च्या न्यूझीलंडच्या भूकंपाच्या नोंदींत छायाक्षेत्रातही क्षीण लहरी दिसत होत्या, आणि वर काढलेल्या किरणांपैकी एकही तिथे पोहोचत नाही. त्यांनी गाभ्यात आणखी एक लहान, अधिक वेगाचा गोल कल्पिला. त्यात शिरताना वेग वाढतो, किरण स्तंभिकेपासून दूर वळतो आणि छायेच्या पट्ट्यात बाहेर पडतो. हाच आंतरगाभा. आपल्या बहुतेक आकृत्यांत तो रंगवलेला असतो, पण त्यातून वळून छायेत येणारा किरण काढलेला नसतो, आणि पट्टा मात्र गडद काळा.